डबिंग की सबटायटल: निकाल कोणत्या आकड्यावर लावायचा?

लेखमाला : पडद्यामागचे आकडे (भाग ७)

मागच्या आठवड्यात सरासरी पाहण्याचा वेळ कसा काढतात ते पाहिलं. आज तोच आकडा एका खर्चिक निर्णयाच्या कामाला लावू. इंग्रजीतला एखादा शिकवणीचा व्हिडिओ छान चाललाय, खाली मराठी सबटायटल आहेत. आता त्याला मराठी आवाज द्यायचा का?

सबटायटलचं काम त्या मानाने आटोपशीर असतं. भाषांतर करायचं, ओळी वेळेवर बसवायच्या आणि फाइल चढवायची. डबिंगला भाषांतर लागतंच, शिवाय ते बोलायला सुटसुटीत करून घ्यावं लागतं. आवाज देणारा लागतो, शांत खोली लागते, आणि माउसची क्लिक नि तोंडातलं वाक्य जुळेपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसणारा एडिटर लागतो. त्यामुळे पहिल्या डबिंगनंतर दोन महिन्यांतच कोणीतरी विचारतं, ‘एवढं केलं, फरक पडला का?’

उत्तर शोधायला एक उदाहरण घेऊ. यातले आकडे हिशोब समजावा म्हणून कल्पिलेले आहेत. एका संस्थेची स्वतःची शिकवणीची साइट आहे. एक्सेलवरची १२ व्हिडिओंची मालिका आहे आणि त्यातला पिव्हट टेबलचा ९ मिनिटांचा व्हिडिओ सगळ्यात लोकप्रिय आहे. साइटवर येणारा माणूस आधी भाषा निवडतो आणि मग त्या भाषेच्या पानावर जातो. मराठी पानावर शीर्षक, वर्णन, सबटायटल हे सगळं पहिल्यापासून मराठीत आहे, आवाज मात्र इंग्रजी. सबटायटल हवी असतील तर बटण दाबून सुरू करायची. पुढे या एका व्हिडिओला मराठी आवाज दिला आणि मराठी पानावर तोच आपोआप सुरू होईल अशी सोय केली. आठ आठवड्यांनी आकडे काढले. सबटायटल लावून पाहणाऱ्यांनी सरासरी ५ मिनिटं २० सेकंद पाहिलं होतं. मराठी आवाजात ऐकणाऱ्यांनी फक्त ३ मिनिटं ३० सेकंद.

बैठकीत हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की निकाल ठरलाच: सबटायटल जिंकली, डबिंगचे पैसे पाण्यात. मला हा निकाल जवळजवळ प्रत्येक वेळी चुकीचा वाटतो, आणि गडबड बेरजेत नसते. गडबड असते ती आपण कोणाची तुलना कोणाशी करतोय यात.

सबटायटल लावणारा माणूस कोण असतो ते पाहा. त्याने व्हिडिओ सुरू केला, इंग्रजी बोलणं झेपत नाही हे त्याला कळलं, तरीही तो निघून गेला नाही. त्याने बटण शोधलं, दाबलं आणि वाचत बसला. म्हणजे त्याला पिव्हट टेबल शिकायचंच होतं. कदाचित दुसऱ्या दिवशी ऑफिसात अहवाल द्यायचा असेल. असा माणूस सबटायटल असोत वा नसोत, पाच मिनिटं टिकणारच. मराठी आवाज मात्र कोणी मागून घेतलेला नाही, तो आपोआप सुरू झालेला आहे. त्यात गरजू आहेत, सहज डोकावणारे आहेत आणि चुकून क्लिक केलेलेही आहेत. एका बाजूला गाळून घेतलेली माणसं आणि दुसऱ्या बाजूला सरसकट आलेली गर्दी, असा हा सामना आहे.

तो सरळ करायचा तर भागाकारातला खालचा आकडा बदलावा लागतो. सबटायटल वापरलेल्यांनी किती पाहिलं हे बाजूला ठेवायचं. सबटायटलच्या काळात मराठी पानावर जेवढे म्हणून आले, त्या सगळ्यांनी सरासरी किती पाहिलं हे विचारायचं. ज्यांनी सबटायटल लावली नाहीत आणि वीस सेकंदांत बाहेर पडले, तेही सबटायटलच्याच खात्यावर मांडायचे. कारण सबटायटल हा उपाय ज्यांच्यापर्यंत पोचला नाही, तेही त्या उपायाचं अपयशच आहे.

उदाहरणात डबिंगच्या आधीच्या आठ आठवड्यांत मराठी पानावरून २,००० जणांनी हा व्हिडिओ पहिल्यांदा उघडला. त्यातल्या ३०० जणांनी सबटायटल लावली आणि सरासरी ५:२० पाहिलं. उरलेल्या १,७०० जणांनी ती लावलीच नाहीत, त्यांची सरासरी २:१०. सगळे मिळून सरासरी येते २ मिनिटं ३८ सेकंद. डबिंगनंतरच्या आठ आठवड्यांत २,६०० जण आले. त्यातल्या २,१०० जणांनी मराठी आवाज ऐकला, सरासरी ३:३०. बाकीच्या ५०० जणांनी सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजी आवाज लावून घेतला, त्यांची सरासरी ३ मिनिटं. सगळे मिळून ३ मिनिटं २४ सेकंद. मघाशी पावणेदोन मिनिटांहून जास्त फरकाने हरलेलं डबिंग आता ४६ सेकंदांनी पुढे आहे. एकही आकडा खोटा नव्हता, दोन्ही वेळी नोंदी त्याच होत्या.

ते १,७०० जण हाच सबटायटलच्या काळातला सगळ्यात मोठा गट आहे आणि पहिल्या तुलनेत तो कुठे दिसतच नव्हता. मला वाटतं, सबटायटल विरुद्ध डबिंग या वादात नव्वद टक्के गैरसमज याच अदृश्य गटातून येतात.

पण ४६ सेकंदांचं सगळं श्रेय लगेच डबिंगला द्यायचं नाही. त्या दोन महिन्यांत इतर गोष्टीही घडत असतात. मार्च संपत आला की हिशेबाची कामं निघतात आणि एक्सेल शिकणारे वाढतात. परीक्षा संपल्या की विद्यार्थी येतात. म्हणून शेजारी एक भाषा अशी ठेवावी लागते जिच्यात काहीच बदललेलं नाही. आपल्या साइटवर गुजराती पानाला फक्त सबटायटल आहेत आणि ती तशीच राहिली. त्याच दोन कालखंडांत गुजरातीतली सरासरी २:३६ वरून २:४६ झाली, म्हणजे काही न करता १० सेकंदांची वाढ. ती वजा केली की डबिंगच्या वाट्याला साधारण ३६ सेकंद उरतात. शेजारची भाषा निवडताना एवढंच पाहायचं की डबिंगच्या आधीच्या काही महिन्यांत दोन्ही भाषांच्या रेषा बरोबरीने वर-खाली होत होत्या का. होत नसतील, तर ती भाषा उपयोगाची नाही.

आणखी एक काळजी इथे आपोआप घेतली गेली. मराठी शीर्षक आणि वर्णन डबिंगच्या आधीपासूनच होतं. पुष्कळ ठिकाणी डबिंग चढवण्याच्या दिवशीच शीर्षक, थंबनेल आणि वर्णनही नव्या भाषेत येतं. मग प्रेक्षक वाढले ते आवाजामुळे की मथळा वाचता आला म्हणून, हे कधीच सुटं करता येत नाही. मथळे आधी बदलावेत, महिनाभर थांबावं आणि मग आवाज द्यावा.

आता सरासरी बाजूला ठेवून वक्राकडे वळू. रिटेन्शनचा वक्र म्हणजे व्हिडिओच्या प्रत्येक क्षणाला किती टक्के प्रेक्षक शिल्लक आहेत याची रेषा. गोष्टीच्या व्हिडिओत ती साधारण उतरत जाते. शिकवणीच्या व्हिडिओत मात्र तिला उंचवटे येतात, कारण लोक मागे जाऊन तोच तुकडा पुन्हा पाहतात. यूट्यूब स्टुडिओतही हे उंचवटे आणि खड्डे वेगळे दाखवलेले असतात, आणि पहिल्या ३० सेकंदांनंतर किती टक्के टिकले तेही.

आपल्या व्हिडिओत ४ मिनिटं १० सेकंदांच्या आसपास शिकवणारा उजवीकडच्या यादीतून ‘विक्री’ हे नाव उचलतो आणि खाली Values च्या चौकटीत नेऊन सोडतो. एक्सेलमध्ये ही चौकट पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात असते. सबटायटल लावणाऱ्यांच्या वक्राला नेमका इथे मोठा उंचवटा होता. कारण उघड आहे. ओळ वाचायला डोळे खाली मधोमध गेले, तेवढ्यात वर यादीतून नाव उचललं गेलं, आणि डोळे वर येईपर्यंत ते चौकटीत पडलंही. फोनवर तर दोन ओळींचं सबटायटल पसरून त्या चौकटीवरच येतं. माणूस दहा सेकंद मागे जातो, या वेळी माउस पाहतो आणि वाचायचं सोडतो. मग आणखी एकदा मागे.

या उंचवट्यामुळे सबटायटलवाल्यांचा पाहण्याचा वेळ फुगतो. ५:२० मधले काही सेकंद असे नाइलाजाने दोनदा पाहिलेले आहेत. डब झालेल्या आवृत्तीत तो उंचवटा जवळजवळ सपाट झाला, म्हणजे तेवढा वेळ कमी झाला. आणि हे कमी होणं चांगलं आहे! शिकवणीच्या व्हिडिओत जास्त वेळ म्हणजे जास्त समाधान असं गृहीत धरता येत नाही. कोणाला फक्त Rows आणि Values कुठे असतात एवढंच हवं असेल, तर तो साडेचार मिनिटांनी काम झालं म्हणून निघून जातो, आणि आपण त्याला गळती म्हणतो.

डोळ्यांची ही ओढाताण मुंबईच्या आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने फार आधी ओळखलेली दिसते. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात साधारण दहा मिनिटांचे धडे असतात, विषय लिबरऑफिसपासून प्रोग्रामिंगपर्यंतचे. पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीतच ठेवायचं, कारण नोकरीत तेच समोर येणार, आणि फक्त बोलणं मराठी, तमिळ, आसामी अशा भाषांत डब करायचं, अशी त्यांची पद्धत. शिकणाऱ्याने एका खिडकीत धडा आणि दुसऱ्या खिडकीत सॉफ्टवेअर उघडून बरोबरीने करत जायचं, हे त्यांचं मुख्य सूत्र. डोळे आधीच दोन खिडक्यांत फिरताहेत, त्यात तिसरी वाचायची ओळ कुठे बसवणार? भाषांतराच्या त्यांच्या संहितेत एका रकान्यात वेळ आणि दुसऱ्या रकान्यात निवेदन लिहिलेलं असतं. कोणतं वाक्य कोणत्या सेकंदाला संपायला हवं हे भाषांतर करणाऱ्याला लिहितानाच दिसतं.

त्या वेळेच्या रकान्याचं मोल कळायचं तर आपल्या उदाहरणातला दुसरा वक्र पाहा. डब झालेल्या आवृत्तीत १ मिनिट ५ सेकंदांवर एक नवा खड्डा पडला, इंग्रजीत तो नव्हता. इंग्रजीत शिकवणारा तिथे एका दमात तीन कृती सांगतो. मराठी वाक्य लांबलं, आवाज मागे पडला. पडद्यावर माउस तिसऱ्या कृतीवर पोचला तेव्हा कानावर दुसरी येत होती. सुरुवातीलाच असं झालं की नवशिका गोंधळतो आणि निघून जातो. तिथे वाक्य छाटायचं किंवा चित्र दोन सेकंद थांबवून धरायचं. खड्डा दिसला की डबिंगचा प्रकार वाईट आहे असं न म्हणता आधी त्या सेकंदाला जाऊन कान आणि डोळा जुळतात का ते पाहावं. भाषेचा म्हणून काही दोष असेल तर रेषा सगळीकडे खाली येते, एका जागी पडत नाही. मूळ इंग्रजीतही त्याच सेकंदाला खड्डा असेल तर दोष शिकवण्यातला आहे आणि डबिंगने फक्त त्याची नक्कल केली आहे.

पाहण्याच्या वेळेवरून एवढं कळतं की लोक टिकले. ते परत येतात का, हा वेगळा प्रश्न आहे आणि माझ्या मते डबिंगचा खर्च वसूल होतो की नाही ते याच प्रश्नावर ठरतं. मातृभाषेतला आवाज नवा म्हणून ऐकला जातो. नवेपणा ओसरल्यावर माणूस दुसऱ्या धड्यासाठी आला, तरच सवय लागली म्हणता येईल.

‘परत आला’ याची व्याख्या मोजायला बसण्याआधी लिहून ठेवावी, कारण नंतर ती सोयीने सरकते. आपण अशी घेऊ: या काळात पहिल्यांदाच आलेल्यांपैकी किती जणांनी त्यानंतरच्या २८ दिवसांत, वेगळ्या दिवशी, मालिकेतला दुसरा एखादा व्हिडिओ किमान एक मिनिट पाहिला. ‘पहिल्यांदाच आलेले’ ही अट महत्त्वाची आहे. जुने नेमाने येणारे प्रेक्षक धरले तर ते डबिंगशिवायही येतच होते. ‘वेगळ्या दिवशी’ यासाठी की त्याच बैठकीत पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो आणि तो परत येण्यात गणला जातो. आणि प्रत्येकाला पूर्ण २८ दिवस मिळायला हवेत. शेवटच्या आठवड्यात आलेल्या माणसाला अजून परत यायला वेळच मिळालेला नाही. त्याला ‘आला नाही’ या रकान्यात टाकलं की नव्या आवृत्तीवर अन्याय होतो, कारण ताजे प्रेक्षक तिच्याच वाट्याला असतात. म्हणून आठ आठवडे संपल्यावर आणखी चार आठवडे हात बांधून थांबायचं.

थांबल्यावर आलेले आकडे असे. डबिंगच्या आधी २,००० पैकी २२० परत आले, म्हणजे ११ टक्के. नंतर २,६०० पैकी ३६४, म्हणजे १४ टक्के. गुजरातीत आधी १,८०० पैकी १८०, नंतर १,९०० पैकी २०९, म्हणजे १० चे ११ टक्के. मराठीतली वाढ ३ टक्क्यांची, त्यातून गुजरातीतली १ टक्क्याची वाढ वजा केली तर निव्वळ २ टक्के उरतात. डबिंग जिंकलं?

अजून नाही. दोन हजार माणसांत ११ टक्के परत आले असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा निव्वळ योगायोगाने तो आकडा साधारण १.४ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. तीच साइट, तोच व्हिडिओ, दुसरी दोन हजार माणसं आली असती तर पावणेदहा टक्केही दिसले असते किंवा सव्वाबारा. आपल्या हिशोबात असे चार आकडे आहेत. चार मिळून डगमग चौपट होत नाही, पण दुप्पट होते, म्हणजे साधारण २.८ टक्के. दोन टक्क्यांची वाढ आणि २.८ टक्क्यांची डगमग. याचा अर्थ डबिंगचा परिणाम शून्य असणंही शक्य आहे आणि पावणेपाच टक्के असणंही. डगमग निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात, म्हणजे प्रत्येक गटात आठ-दहा हजार. एका व्हिडिओवर मराठीत एवढे नवे प्रेक्षक जमायला वर्षही जाईल.

इथे घाईला आलेला माणूस ‘ट्रेंड सकारात्मक आहे’ असं स्लाइडवर लिहून मोकळा होतो. त्यापेक्षा, परत येणाऱ्यांनी परत येऊन काय पाहिलं असेल, हे विचारलं तर प्रयोगातलाच एक दोष सापडतो. डब केलेला व्हिडिओ एकच. पिव्हट टेबल मराठीत ऐकून खूश झालेला माणूस चार दिवसांनी चार्टचा धडा उघडतो आणि आवाज येतो इंग्रजीत. तो एक मिनिटही थांबत नाही, आणि आपल्या व्याख्येप्रमाणे तो परत आलाच नाही. एकुलत्या एका डबिंगवरून परत येण्याचं मोजमाप करणं म्हणजे हॉटेलात एकच पदार्थ ठेवून लोक दुसऱ्यांदा जेवायला येत नाहीत म्हणणं. म्हणून डबिंगचा प्रयोग सलग चार-पाच धड्यांवर करावा, आणि ते धडे असे निवडावेत की एकातून दुसऱ्यात जाणं साहजिक असेल. त्याने प्रेक्षकही वाढतात आणि डगमग कमी होते.

स्वतःची साइट असेल तर आधी-नंतरची भानगडच नको. मराठी पानावर येणाऱ्यांपैकी अर्ध्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं मराठी आवाज द्यायचा आणि अर्ध्यांना इंग्रजी आवाजाबरोबर मराठी सबटायटल आपोआप सुरू करून द्यायची. हा खरा सामना, कारण यात सबटायटललाही आपोआप दिसण्याची संधी मिळते. पुष्कळदा डबिंगची निम्मी सरशी एवढ्याचमुळे असते की ते न मागता मिळतं. सबटायटल तशीच न मागता दाखवली, तर तो फरक किती उरतो हे आधी पाहावं. ते जवळजवळ फुकट आहे.

यूट्यूबवर ही विभागणी आपल्या हातात नसते. तिथे एकाच व्हिडिओला अनेक भाषांतले आवाज जोडता येतात आणि प्रेक्षकाच्या भाषेच्या पसंतीप्रमाणे आवाज आपोआप लागतो. स्टुडिओच्या Advanced mode मध्ये Audio track प्रमाणे पाहण्याचा वेळ वेगळा करता येतो, सबटायटलचाही वेगळा अहवाल मिळतो. परत येणाऱ्या प्रेक्षकांचा आकडा मात्र सगळ्या चॅनेलचा मिळून असतो. आवाज एकाच व्हिडिओत जोडले की सगळ्या भाषांच्या व्ह्यूज आणि कॉमेंट एका जागी जमतात, पण मराठीत किती परत आले हे त्यात विरघळून जातं. वेगळं मराठी चॅनेल काढलं तर तो आकडा स्वच्छ मिळतो, पण नवं चॅनेल शून्यापासून वाढवावं लागतं. मिस्टरबीस्टने आधी स्पॅनिशसारख्या भाषांची वेगळी चॅनेल चालवली आणि नंतर मूळ चॅनेलवरच अनेक आवाज जोडण्याकडे वळला, ते वाढीच्या हिशोबाने बरोबरच होतं. मोजमापाच्या हिशोबाने त्याची किंमत पडते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये यूट्यूबने ही सोय जाहीर करताना सांगितलं होतं की चाचणीतल्या बहुभाषिक व्हिडिओंच्या पाहण्याच्या वेळेपैकी १५ टक्क्यांहून जास्त वेळ मूळ भाषेशिवायच्या आवाजात गेला. २०२५ मध्ये असाच आकडा २५ टक्क्यांवर सांगितला गेला. हे आकडे डबिंगच्या बाजूने सर्रास फेकले जातात. पण त्यातून एवढंच कळतं की आपोआप लागलेला आवाज लोकांनी ऐकला. तेच लोक सबटायटलवर किती टिकले असते, किंवा मूळ इंग्रजीतच पाहिलं असतं का, याबद्दल ते काहीच बोलत नाहीत. वाटा वाढला आणि एकूण वेळ तेवढाच राहिला, तर प्रेक्षक फक्त या खिशातून त्या खिशात गेले.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे, आणि ती जर्मन किंवा जपानीला क्वचितच येते. आपल्याकडे घरात, बाजारात मराठी बोलणाऱ्या असंख्य लोकांच्या फोनची भाषा इंग्रजी असते. अशा फोनवर मराठी आवाज आपोआप लागेलच याचा भरवसा नाही. ज्याला तो हवा आहे, त्याला दातेरी चाकाच्या खुणेवर जाऊन Audio track शोधावा लागतो. म्हणजे सबटायटलची जी अडचण होती तीच आता डबिंगला लागली, आणि मराठी आवाजाचे आकडे पडलेले दिसतात. उलट जे शोधून लावतात ते हट्टाचे, त्यांचा वेळ फुगलेला दिसतो. त्यात बरेच मराठी लोक हिंदी आवाजावर खूश असतात. हिंदी डबिंग आधीच असेल, तर मराठीची स्पर्धा इंग्रजीशी नसून हिंदीशी आहे. मराठी आवाज ऐकणारे नवे आहेत की हिंदीतून सरकलेले, हे पाहिल्याशिवाय मराठीचा फायदा लिहू नये. महाराष्ट्रातून आलेल्या व्ह्यूज म्हणजे मराठी प्रेक्षक असं धरणंही चालत नाही. पुण्यात हिंदी आवाज ऐकणारे आहेत आणि बडोद्यात, इंदुरात मराठी ऐकणारे.

आपल्या उदाहरणातल्या संस्थेला मी काय सांगेन? ३६ सेकंद खरे वाटतात, आणि ४:१० चा उंचवटा सपाट झाला हा त्याहून भरवशाचा पुरावा आहे, कारण त्यामागचं कारण डोळ्यांनी दिसतं. परत येण्याबद्दल अजून काही सिद्ध झालेलं नाही. तेव्हा बाराही धडे डब करू नयेत. पिव्हट टेबलच्या पुढचे-मागचे चार घ्यावेत, जिथे माउस सतत फिरतो ते. सूत्रांचा धडा, ज्यात शिकवणारा मिनिटभर एका सेलवर थांबून समजावतो, तो सबटायटलवरच राहू द्यावा. तिथे डोळ्यांना वाचायला सवड असते. आणि डब केलेल्या धड्यांवरूनही सबटायटल काढू नयेत. ऐकू न येणारे, लोकलमध्ये आवाज बंद ठेवून पाहणारे आणि शब्द नीट लिहून घेणारे त्यांच्याच आधारावर असतात, आणि एकूण सरासरीत ते कुठेच वेगळे दिसत नाहीत.

खर्चाची एक बाब अजून राहते. पुढच्या वर्षी एक्सेलमधलं बटण दुसरीकडे गेलं तर सबटायटलमध्ये एक ओळ बदलून भागतं. डबिंगमध्ये तोच आवाज पुन्हा बोलवावा लागतो, आणि तो माणूस मिळाला नाही तर मध्येच वेगळा आवाज येतो. जुन्या झालेल्या धड्यांची दुरुस्ती कधी करायची आणि कधी ते काढूनच टाकायचे, हे आकड्यांवरून कसं ओळखायचं ते पुढच्या भागात.